बाजार हलवण्याआधी भाजीचा हिशोब तरी मांडा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय आपल्या मंगळवारच्या बाजाराचा आहे आणि तुमच्या-माझ्या खिशाचाही आहे.

पालिकेची नोटीस तुम्ही वाचली असेल. आठवडी बाजार जुन्या जागेवरून उचलून बायपासच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचा आणि मेन रोडवर भाजीच्या हातगाड्यांना बंदी घालायची, असा प्रस्ताव आहे. हरकती घ्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत. त्यावर आपल्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी चर्चा झाली ती वाचून मी थक्क झालो. "बरं झालं, ट्रॅफिक तरी सुटेल." "घाण जाईल." आणि एका सुशिक्षित गृहस्थांनी तर कळसच केला, "आता अ‍ॅप आलंय की. बाजार हवाय कुणाला?" त्याला अठरा अंगठे!

अठरा अंगठ्यांपैकी किती जणांनी घरातल्या भाजीचा हिशोब कधी लिहून ठेवला असेल? मीही ठेवला नव्हता. पंचवीस वर्षं पालिकेच्या बजेटवर बातम्या करतोय, पण घरच्या भाजीचं बजेट माहीत नव्हतं. म्हणून जानेवारीत संक्रांत झाल्यावर चार आठवडे वही घेऊन बसलो. घरात आम्ही चौघं. मी, बायको, आई आणि दहावीतला मुलगा. पहिला आठवडा सगळी भाजी मंगळवारच्या बाजारातून, दुसरा दारावरच्या गाडीवरून, तिसरा अ‍ॅपवरून. चौथ्यात काय केलं ते शेवटी सांगतो.

नियम दोनच ठेवले. पहिला, भाजी निवडून, देठं-पानं काढून मगच वजन करायचं. कारण बाजारातला फ्लॉवर पानांसकट येतो, अ‍ॅपवाला सोलून देतो आणि दोघांचा भाव एका तराजूत टाकणं म्हणजे फसवणूक. दुसरा, जे नासलं, पिवळं पडलं, टाकलं, त्याचंही वजन करायचं. या दुसऱ्या नियमाला आईचा विरोध होता. "सडकं काट्यावर ठेवतात का कुणी?" पण सगळी गोम तिथेच निघाली.

आधी बाजाराचा आठवडा. चारशे दहा रुपयांत निवडून अकरा किलो भाजी आली, म्हणजे सरासरी सदतीस रुपये किलो. टोमॅटो वीस, मेथीची जुडी दहा, कोबीचा गड्डा पंधरा. पिशवी दोन हातांनी उचलावी लागली आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो. शनिवारपर्यंत मुद्रा उतरली. दुसरी मेथीची जुडी पिवळी पडली होती. कोथिंबीर अर्धी काळी. खालच्या टोमॅटोंनी वरच्यांचं वजन सोसलं नव्हतं. पुढच्या सोमवारपर्यंत टाकलेल्याची बेरीज झाली दोन किलो शंभर ग्रॅम. पेट्रोल आणि पार्किंगचे तीस रुपये धरले, तर पोटात गेलेल्या भाजीचा भाव सदतीस नव्हे, एकोणपन्नास रुपये पडला.

दुसरा आठवडा दारावरचा. आमच्या गल्लीत सकाळी साडेनऊला मावशींची गाडी येते. तिथे टोमॅटो तीस रुपये. बाजाराच्या दीडपट! आठवड्यात साडेआठ किलो भाजीला चारशे पंचावन्न रुपये गेले. साडेत्रेपन्न रुपये किलो. बाजाराशी तुलना केली तर किलोमागे सोळा रुपये जास्त. ग्रुपवरचे लोक याच आकड्यावर थांबतात आणि "लुटतात हो गाडीवाले" म्हणतात. पण नासलं किती? साडेतीनशे ग्रॅम. कारण रोजची भाजी रोज घेतली. पोटात गेलेल्या भाजीचा भाव छप्पन्न रुपये. सोळाचा फरक सातवर आला.

तिसरा आठवडा अ‍ॅपचा. अर्धा किलो टोमॅटो अठरा रुपये, कांदा तर बाजारभावालाच. पहिल्या दिवशी मलाही वाटलं, चला, हे तर बरं आहे. पण नीट बघा. ज्या तीन भाज्यांचे भाव प्रत्येकाच्या तोंडावर असतात, कांदा, बटाटा, टोमॅटो, तिथे अ‍ॅप हात आखडून घेतं. शंभर ग्रॅम मिरची बारा रुपयांना देतं तेव्हा ती एकशे वीस रुपये किलो झाली, हे आपण मनात करत नाही. त्या आठवड्यात बाजारात मिरची साठ रुपये किलो होती, आणि कढीपत्ता वर फुकट. आठवड्यात चार ऑर्डरी केल्या. आठ किलो चारशे ग्रॅम भाजीचे पाचशे वीस, त्यावर डिलिव्हरी आणि हाताळणी शुल्काचे शहाऐंशी. एक पालकाचं पाकीट आतून काळं निघालं, त्याचा फोटो पाठवल्यावर चोवीस रुपये परत आले. ते प्रामाणिकपणे वजा केले. नासाडी नऊशे ग्रॅम. प्लास्टिकच्या पाकिटात पाणी सुटतं, आणि भाजी हातात घेऊन, दाबून निवडण्याची सोय नाही. शिवाय "अजून एकशे तेराची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत" असं आलं की बोट आपोआप जातं. त्या नादात घेतलेली बिस्किटं या हिशोबात धरलेलीच नाहीत. पोटात गेलेल्या भाजीचा भाव पडला साडेसत्त्याहत्तर रुपये.

आता कुणी म्हणेल, एका घराचा चार आठवड्यांचा हिशोब, तोही थंडीतला. बरोबर आहे. उन्हाळ्यात पालेभाजी दोन दिवस टिकत नाही, तेव्हा बाजाराचा आकडा आणखी वर जाईल. आठ माणसांच्या घरात काही नासतच नाही, तिथे बाजार हात जोडून जिंकेल. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना अ‍ॅप हे वरदानच आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. आणि कोथिंबिरीत अ‍ॅप हरलंही नाही. बाजारातली दहाची जुडी आम्ही अर्धी फेकतो, त्यापेक्षा शंभर ग्रॅमचं पाकीट परवडतं. माझं म्हणणं एवढंच की "किलोला किती" हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न आहे, नासाडी कुणाच्या अंगावर पडते?

भाजी नासायची ती नासतेच. टोमॅटोचंच घ्या. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात शेतापासून बाजारापर्यंत टोमॅटोची नासाडी सव्वाबारा-साडेबारा टक्क्यांच्या घरात निघाली. म्हणजे वीस किलोच्या कॅरेटमागे अडीच किलो. तुमच्या फ्रीजमध्ये पोचायच्या आधीच! त्यापुढची नासाडी कुणाच्या गळ्यात पडते, यावर भाव ठरतो. बाजारात भाव कमी, कारण सात दिवस भाजी सांभाळायची जबाबदारी विकणारा तुमच्यावर टाकून घरी जातो. संध्याकाळी सहानंतर "दहाला वाटा, दहाला वाटा" सुरू होतं, तेही याचसाठी. उरलेला माल परत टेम्पोत भरून नेणं त्याला परवडत नाही, म्हणून तो उद्या नासणारा माल आज तुमच्या पिशवीत घालतो. यात फसवणूक काही नाही, फक्त आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. आज रात्रीच भाजी करणार असाल तर तो वाटा म्हणजे लॉटरी. शुक्रवारी करणार असाल तर कचरा.

दारावरच्या मावशी काय करतात? हे मी एका पहाटे त्यांच्याबरोबर मार्केट यार्डात जाऊन बघितलं. पाच वाजता लिलाव सुरू. त्यांनी टोमॅटोचं एक कॅरेट घेतलं, वीस किलोचं, दोनशे ऐंशीला. म्हणजे चौदा रुपये किलो. हमाली आणि रिक्षातला त्यांच्या वाट्याचा खर्च वीस रुपये. तिथेच गाडीवर त्यांनी माल निवडला. वरचा कडक, लालसर माल एका बाजूला, पिकून मऊ झालेला दुसऱ्या बाजूला, फुटलेला खाली. दिवसअखेर मी विचारलं. तेरा किलो तीसच्या भावाने गेला, चार किलो मऊ माल खानावळवाल्याने वीसने उचलला, दीड किलो फेकला, दीड किलो त्यांच्या घरी गेला. बेरीज करा. चारशे सत्तर आले, तीनशे गेले. एका कॅरेटवर एकशे सत्तर रुपये, सकाळी चारला उठून आणि दुपारी दोनपर्यंत उन्हात फिरून. आणि हा चांगला दिवस. पाऊस आला, कुणाचं लग्न असलं, गल्लीत मयत झाली की माल तसाच राहतो.

मी म्हटलं, "मावशी, लोक म्हणतात तुम्ही चौदाचा माल तीसला विकता."

त्या म्हणाल्या, "दादा, चौदाचा सगळा माल मी घेते. तुम्ही त्यातला निवडून घेता. मग राहिलेला कुणाचा?"

यावर मला पत्रकारितेच्या डिप्लोम्यात काही उत्तर शिकवलेलं नव्हतं. तुमच्या-माझ्या फ्रीजमध्ये जी मेथी पिवळी पडली असती, ती त्यांच्या गाडीवर पिवळी पडते. सात रुपयांचा फरक हा त्या नासाडीचा विमा आहे. आणि हप्ता फार नाही.

अ‍ॅपवाल्यांचीही नासाडी होतेच. ती गोदामात होते, म्हणून दिसत नाही. तिची किंमत मिरचीच्या बारा रुपयांत आणि हाताळणी शुल्कात वाटून लावलेली असते. गंमत अशी की त्या शुल्काशी आपण घासाघीस करत नाही. करूच शकत नाही, कारण पडद्यावर समोर माणूस नसतो. मावशींपुढे मात्र "पंचवीसला द्या, नाहीतर राहू दे" म्हणून आपण खुशाल पुढे जातो.

आता बाजारातल्या लबाडीबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकाच बाजूने लिहितो. काटा मारणारे बाजारात आहेत. पहिल्या आठवड्यात एका गाळ्यावरचा किलो घरी येऊन नऊशे वीस ग्रॅम भरला. वजनकाट्याची ठराविक मुदतीने वैधमापनाच्या नियमांनुसार तपासणी होऊन त्यावर मोहर लागायला हवी. तुम्ही काट्यावर ती मोहर कधी शोधलीत? मीही त्या दिवशी पहिल्यांदाच शोधली. दुसरी गोष्ट, बाजारात बसलेला प्रत्येकजण शेतकरी नसतो. बरेचसे व्यापारीच असतात, पहाटे त्याच लिलावातून माल उचललेले. ओळखायचं सोपं आहे. ज्याच्यापुढे ढोबळी मिरची, आलं, सफरचंद आणि वाटाणा सगळं एकाच ठिकाणी, एकसारख्या आकाराचं, धुतलेलं मांडलेलं आहे, तो व्यापारी. जिच्यापुढे पोत्यावर फक्त वांगी आणि चार जुड्या मेथी आहे, मुळांना माती आहे, वांग्यांत दोन लहान, एक वाकडं आहे, ती बहुधा स्वतःच्या रानातून आलेली आहे.

हा फरक मी का सांगतोय? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासनिबंधात हिशोब मांडलेला आहे. आपण टोमॅटोला दिलेल्या रुपयातले साधारण तेहतीस पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात छत्तीस, बटाट्यात सदतीस. बाकी मधल्या साखळीत जातात. त्या पोत्यावर बसलेल्या बाईला मात्र, एसटीचं तिकीट आणि बाजारपावती सोडली, तर अख्खा रुपया मिळतो. ती अ‍ॅपवर कधीच दिसणार नाही, कारण तिच्याकडे चाळीस जुड्याच असतात आणि गोदामाला टेम्पो लागतो. तिला दुसरी जागा नाही. मंगळवारचा बाजार हीच तिची जागा आहे, आणि ती एसटी स्टँडपासून चालत पोचण्यासारखी आहे म्हणूनच ती येते.

आता नोटिशीकडे येतो. बाजार बायपासपलीकडे गेला की आमच्या घरापासून जाऊन-येऊन रिक्षाचे ऐंशी रुपये. माझ्या वहीत ते घाला. एकोणपन्नासचा भाव पंचावन्न होतो, दारावरच्या छप्पन्नला जाऊन टेकतो. म्हणजे बाजाराला जायचं कारणच संपलं. मग दुचाकी-चारचाकीवाले जातील, आणि ज्यांना खरोखर स्वस्त भाजी लागते ते जाणार नाहीत. स्टँडवरून डोक्यावर पाटी घेऊन येणारी बाई तीन किलोमीटर चालणार आहे का? ती बंद होईल. मेन रोडवर गाड्या बंद झाल्या की मावशी आतल्या दोन गल्ल्यांत अडकतील. गिऱ्हाईक निम्मं, म्हणजे नासाडी दुप्पट, म्हणजे टोमॅटो तीसचा चाळीस. आणि त्या दिवशी अ‍ॅपवरचा टोमॅटो छत्तीसलाच राहील असं कोण सांगतंय? आज तो छत्तीस आहे, कारण गल्लीत तीसने ओरडणारं कुणीतरी आहे. ते ओरडणं बंद झालं की पडद्यावरचा आकडा बदलायला किती वेळ लागतो?

ट्रॅफिक होतं, हे मला मान्य आहे. मंगळवारी संध्याकाळी त्या रस्त्याने अँब्युलन्स जात नाही, हेही मान्य. रात्री मागे राहिलेला पाला बुधवारी दुपारपर्यंत पडून असतो, जनावरं तुडवतात, वास सुटतो, तेही मान्य. पण हे प्रश्न बाजाराचे नाहीत, बाजाराकडून पावत्या फाडून पैसे घेणाऱ्या व्यवस्थेचे आहेत. मंगळवारी दुपारी दोन ते नऊ तो एक रस्ता वाहनांना बंद ठेवा. मध्ये दहा फुटांची वाट आखून मोकळी राखा. रात्री दहाला ट्रॅक्टर पाठवा. तो पाला कचरा डेपोत नेण्याऐवजी खतासाठी वेगळा करा. आणि महिन्यातून एकदा वैधमापनवाल्यांना बोलावून काटे तपासा. यातलं एकही काम बाजार हलवण्याइतकं खर्चिक नाही.

कायद्याचंही ऐका. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे. त्यात स्पष्ट आहे की आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण, मग प्रमाणपत्रं, आणि तोवर कुणाला हटवायचं नाही. हलवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यातल्या एकतृतीयांश स्त्रिया. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तर असं तत्त्व आहे की पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार हा वारसा बाजार धरावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. आपला मंगळवारचा बाजार किती जुना? माझी आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. ती लहानपणी तिच्या आजीबरोबर याच जागी यायची. पालिकेने सर्वेक्षण केलंय का, समिती नेमलीय का, तिच्या बैठकीत हा विषय आला होता का, एवढे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले आहेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.

राहिला चौथा आठवडा. त्यात आईने सूत्रं हातात घेतली. मंगळवारी बाजारातून फक्त टिकणारं आणलं. कांदा, बटाटा, कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा. टोमॅटो निम्मे पिकलेले, निम्मे हिरवट. पालेभाजी एकच जुडी, बुधवारी संपेल एवढी. बाकी पालेभाजी आणि कोथिंबीर शुक्रवारी आणि रविवारी मावशींकडून. भाज्या न धुता, कोरड्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. आमच्या पेपरचा तेवढा तरी उपयोग झाला. बाजारात दोनशे पासष्ट, पेट्रोल-पार्किंग तीस, मावशींना पंचाण्णव, एकूण तीनशे नव्वद. नऊ किलो दोनशे ग्रॅमपैकी नासलं चारशे. भाव पडला चव्वेचाळीस रुपये. चारही आठवड्यांत सगळ्यात कमी.

आई म्हणाली, "आम्ही पन्नास वर्षं हेच करतोय. तुला वही कशाला लागली?"

तर अठरा अंगठेवाल्यांनो, बाजार आणि गाडी ही दोन्ही आहेत म्हणून चव्वेचाळीस पडतो. यातलं एक जरी काढलंत तरी तो आकडा वर जाणार, तुमच्याही घरात. हरकत अर्ज साध्या कागदावर चालतो. आवक-जावक खिडकीत द्या आणि पोचेवर शिक्का घ्यायला विसरू नका. मी माझा सोमवारी अकरा वाजता देतोय. वही सोबत जोडणार आहे. तुमच्या घरचा एका आठवड्याचा हिशोब लिहून आणलात तर तोही जोडू. माझ्या आकड्यांत चूक सापडली तर खाली लिहा, दुरुस्त करीन. फक्त किलोचा भाव लिहू नका, टाकलेलं वजा करून लिहा.